चिंगीच्या घरी पाठवलेलं पत्र

भुलेखाली मांजर दगावली की आधी फोन करावा लागतो, पत्र नंतर. फोनवर घरच्यांना पहिलंच वाक्य ऐकू येतं, पुढचं काही डोक्यात शिरत नाही. पण शवविच्छेदनाचं मात्र फोनवरच विचारावं लागतं. त्यासाठी देह फ्रीजमध्ये ठेवतात, गोठवत नाहीत. गोठला की पेशी फुटतात आणि कारण सापडणं अवघड होतं. पत्राची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

चिंगी दहा महिन्यांची होती, नसबंदीसाठी आलेली. रक्ततपासणी नीट होती, स्टेथोस्कोपला हृदय स्वच्छ ऐकू आलं. शस्त्रक्रिया संपली, भुलेचा गॅस बंद केला आणि ठोके मिनिटाला १४० वरून ६० वर आले, मग थांबले. वीस मिनिटं छाती दाबली, ॲड्रेनलिन दिलं. ती परत आली नाही.

पत्राच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘दुर्दैवाने गुंतागुंत उद्भवली.’ ते खोडलं आणि वर दिलेला घटनाक्रम वेळेसकट लिहिला. ‘ती शांतपणे गेली’ हेही खोडलं. ‘ती शुद्धीवर आलेली नव्हती’ एवढंच मला खात्रीने सांगता येत होतं.

शवविच्छेदनात हृदय २४ ग्रॅम भरलं. एवढ्याशा मांजरीचं ते वीसच्या आत असायला हवं. डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली होती. हा आजार साधारण सात मांजरींत एकीला असतो. म्हाताऱ्यांत जास्त, पण तरुणांतही. कित्येकदा हृदयातून जादा आवाज येतच नाही, त्यामुळे स्टेथोस्कोप फसतो. मग मी सगळ्यात जड वाक्य लिहिलं: ‘हृदयाची सोनोग्राफी केली असती तर कदाचित कळलं असतं, निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक मांजरीची आम्ही ती करत नाही.’ सहकारी म्हणाला, हे लिहू नकोस, वकील पकडतील. मी ठेवलं. घरच्यांना ते कधीतरी दुसरीकडून कळणारच होतं.

ब्रिटनमधल्या २००८ च्या एका मोठ्या पाहणीत निरोगी मांजरींपैकी साधारण नऊशेत एक भुलेमुळे दगावल्याचं दिसलं होतं. हा आकडा मी पत्रात घातला नाही. तो नसबंदीआधी सांगायचा असतो. नंतर सांगितला तर सबब वाटते.

संमतीच्या कागदावर सही आईंची होती. रात्री बारानंतर खायला न देण्याचं काम मुलीचं होतं, आणि ‘ती उपाशी होती म्हणून का?’ असं तिने फोनवर विचारलं होतं. तिच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिला: उपाशी ठेवणं बरोबरच होतं, उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ते आम्हीच सांगतो.

बिल त्या पाकिटात घातलं नाही. शेवटी कामाचं लिहिलं: हा आजार रक्तातून येऊ शकतो, तेव्हा घरी असलेल्या तिच्या भावाची सोनोग्राफी करून घ्या, भूल देण्याआधी तर नक्कीच.

महिनाभराने त्या बोक्याचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. भिंत ४ मिलिमीटर, म्हणजे ठीक. तपासणी दुसऱ्या दवाखान्यात केलेली होती.