बिलातली चूक आधी कुठे शोधायची?

रुग्णालयाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नोंदणी, खोलीभाडे, औषधे, तपासण्या, विमा, डिपॉझिट असे अनेक विभाग असतात. नवी आवृत्ती सुरू करण्याआधी सगळे विभाग सारख्याच बारकाईने तपासायला वेळ पुरत नाही. म्हणून टेस्टिंग करणारे जोखमीचा तक्ता मांडतात. त्यात प्रत्येक विभागाला दोनदा 1 ते 5 गुण मिळतात: चूक होण्याची शक्यता किती आणि झाली तर नुकसान किती. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या विभागाची जोखीम.

खोलीभाड्याचा विभाग घेऊ. 18 जुलै 2022 पासून दिवसाला 5000 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी लागू झाला. आयसीयू मात्र त्यातून वगळले. त्यात रुग्ण मध्येच खोली बदलतो, तेव्हा त्या दिवसाचे भाडे कोणत्या दराने धरायचे हा प्रश्न येतो. नियम इतके गुंतलेले, म्हणून शक्यतेला 4. आयसीयूच्या 12,000 रुपयांवर चुकून कर लागला, तर रुग्णाला रोज 600 रुपयांचा भुर्दंड, म्हणून नुकसानालाही 4. जोखीम झाली 16. नोंदणीचा विभाग साधा आणि जुना. त्याला 2 आणि 3, म्हणजे 6.

16 गुणांच्या विभागाची तपासणी काठावरच्या आकड्यांपासून सुरू होते. भाडे 4999, 5000 आणि 5001 टाकून पाहायचे. कर फक्त शेवटच्यावर लागला पाहिजे. मग 6000 रुपयांच्या खोलीतला रुग्ण आयसीयूत हलवून पाहायचा आणि परत आणायचा. नोंदणीसाठी नेहमीच्या मोजक्या चाचण्या पुरतात.

गुण कोण देतो, यावर तक्त्याचा खरेपणा ठरतो. कोणता कोड वारंवार बदलला, कुठे आधी चुका निघाल्या, हे प्रोग्रॅमरला माहीत असते. बिल चुकले की काय होते, हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला. म्हणून शक्यतेचे गुण एकाने द्यावेत आणि नुकसानाचे दुसऱ्याने. सगळीकडे 3 आणि 3 दिसू लागले, तर गुण विचार न करता भरले आहेत असे समजावे.

गुणाकारातही एक फसगत आहे. डिपॉझिट अंतिम बिलातून वजा करण्याचा कोड क्वचितच चुकतो, पण चुकला तर भरलेले हजारो रुपये रुग्णाकडून पुन्हा मागितले जातात. 1 गुणिले 5 म्हणजे 5. बिलाच्या छापील मांडणीत किरकोळ चुका नेहमी होतात. तिथेही 5 गुणिले 1, म्हणजे 5. तक्त्याला दोन्ही सारखेच वाटतात, घरच्यांना नाही. त्यामुळे नुकसानाला 5 गुण असतील, तर गुणाकार कितीही कमी येवो, त्या विभागाच्या मूळ चाचण्या प्रत्येक आवृत्तीत झाल्याच पाहिजेत.

आवृत्ती सुरू झाल्यावर आलेल्या तक्रारी या तक्त्याशेजारी ठेवाव्यात. कमी गुणांच्या विभागातूनच तक्रारी येत असतील, तर आधी तिथले गुण बदलावेत आणि मगच पुढची तपासणी आखावी.