मशिनशेजारी बसलेल्या मुली

अण्णांना माझ्याकडे आणलं ते व्हीलचेअरवर. मान एका बाजूला कलंडलेली, तोंडातून लाळ, हात कोपरात वाकवायला गेलं तर जुन्या दाराच्या बिजागरीसारखा अडकत अडकत वळायचा. वय एकाहत्तर. पंधरा दिवसांपूर्वी हाच माणूस स्वतःच्या पायांनी दुकानापर्यंत जात होता, असं मुलगा सांगत होता. सोबत एक कागद होता, अण्णांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा. त्यावर रिस्पेरिडोन या गोळीचं नाव होतं, अर्धा मिलिग्रॅम, रात्री.

(ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

अक्कांना सहा वर्षांपासून अल्झायमर. त्या संध्याकाळी अंगावर धावून जायच्या, सुनेनं बांगड्या चोरल्या म्हणून घर डोक्यावर घ्यायच्या. समजावून, दिनक्रम बदलून काही होईना, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी ही गोळी थोड्या दिवसांसाठी दिली आणि त्या निवळल्या. म्हणून अण्णांना भास सुरू झाल्यावर घरच्यांना वाटलं, रोग तोच, घराण्यातला, मग गोळीही तीच. चार दिवस अर्धा मिलिग्रॅम देऊन फरक पडेना, तेव्हा एक केली. आठवडाभरात अण्णा लाकूड झाले.

रोग तोच नव्हता. आणि तो वेगळा असल्याच्या खुणा घरात कितीतरी वर्षं दिसत होत्या, फक्त त्या विसरण्याच्या खुणा नव्हत्या.

अण्णा शिंपी. गावात चाळीस वर्षं त्यांनी कापड कापलं. पहिली तक्रार गिऱ्हाइकांची आली, की बाही उलटी लागली, कॉलर तिरकी बसली. कात्री खडूच्या रेघेवरून घसरायला लागली. पण कोणाचं कापड कधी आलं, कोणाच्या छातीचं माप काय, हे वही न उघडता ते सांगायचे. अक्कांचं बरोबर उलट होतं. त्या सुरुवातीला गव्हल्या अजून सुरेख वळायच्या, पण दुपारी जेवण झालं हे त्यांना तीन वाजता आठवत नसे, आणि आठवण करून दिली तरी ‘हो, खरंच की’ असं कधी होत नसे. अल्झायमरमध्ये नोंदच होत नाही, म्हणून धागा देऊनही काही हाताला लागत नाही. अण्णांना मी नंतर तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तर पाच मिनिटांनी दोन आठवले आणि तिसरा ‘फळाचं नाव होतं’ एवढं म्हटल्यावर आला. मात्र एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायला दिले, तर कागदाच्या दोन टोकांना दोन वाकड्या आकृत्या आल्या. ज्यानं आयुष्यभर आर्महोल आखला, त्याच्या हातून.

मग मुली आल्या. शिवणयंत्राच्या शेजारी दोन लहान मुली, परकर-पोलक्यातल्या, बसलेल्या असायच्या. बोलायच्या नाहीत. कधी कोपऱ्यात काळं मांजर. अण्णा घाबरत नसत, उलट बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणायचे, ‘पोरींना दूध दे, केव्हाच्या बसल्यात.’ काकू रडायच्या. कोणी म्हणालं पितर, कोणी म्हणालं बाहेरचं. या रोगातले भास ओळखू येतात ते त्यांच्या रेखीवपणामुळं. धूसर सावली नसते, कपड्यांच्या रंगासकट माणूस असतो, बहुतेकदा मुलं किंवा प्राणी, मुके, आणि पुनःपुन्हा तेच. अक्कांनाही भास व्हायचे, पण सहाव्या वर्षी, आणि त्यांचा गोंधळ मुख्यतः संशयाचा होता. अण्णांचे भास विसरणं सुरू होण्याआधीचे होते. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

तिसरी गोष्ट चढउतारांची. एका दिवशी पेपर वाचून सहकारी कारखान्याच्या निवडणुकीवर मुलाशी वाद घालायचे, दुसऱ्या दिवशी ताटाकडे टक लावून बसायचे, घास उचलायचं भान नाही. घरच्यांना हे सोंग वाटायचं. अशा वेळी मी चार प्रश्न विचारतो: रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येते का, संध्याकाळी सातच्या आत दोन तासांहून जास्त झोपतात का, शून्यात बघत बसतात का, बोलण्याचा धागा मधेच विस्कटतो का. काकूंचं चारही प्रश्नांना हो होतं. अल्झायमरचा माणूस ढासळतो तो उतारावरून, सावकाश. असं उजेड-अंधार होत नाही.

आणि चौथी, जिच्याबद्दल काकू विचारल्याशिवाय बोलल्याच नसत्या. गेली बारा वर्षं त्या वेगळं अंथरूण घालत होत्या, कारण अण्णा झोपेत लाथा मारायचे, कोणाशी तरी भांडल्यासारखे ओरडायचे. स्वप्न पडत असताना एरवी आपलं अंग लुळं असतं. मेंदूच्या देठातली ही कळ या रोगात फार लवकर बिघडते आणि माणूस स्वप्न हातापायांनी जगतो. त्याच्या जोडीला कित्येक वर्षांची बद्धकोष्ठता आणि उदबत्तीचा वास न येणं.

या रोगाचं नाव लेवी बॉडी डिमेन्शिया. फ्रिट्झ लेवी म्युनिकमध्ये अलॉइस अल्झायमर यांच्याच प्रयोगशाळेत काम करायचे. अल्झायमर यांनी आपली गाजलेली रुग्ण 1906 मध्ये मांडली, आणि लेवी यांनी 1912 मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत साचलेले गोलसर कण वर्णन केले. तेच कण मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरले तर स्मृतिभ्रंश होतो, हे मात्र जपानच्या केंजी कोसाका यांनी 1976 पासून दाखवायला सुरुवात केली. मधली साठेक वर्षं असे रुग्ण कुठल्या नावाखाली मोजले गेले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता गोळीकडे वळतो, कारण अण्णा व्हीलचेअरवर आले ते तिच्यामुळं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची दारं बंद करतात. भास आणि आक्रमकपणा कमी होतो तो त्यातूनच. अक्कांच्या मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी बऱ्यापैकी शाबूत होत्या, म्हणून त्यांना थोडी दारं बंद झालेली चालली. तरीही स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून तिथंही त्या कमी मात्रेत, कमी दिवस द्यायच्या. अण्णांच्या बाबतीत त्या पेशी आधीच मोठ्या प्रमाणात गेल्या होत्या. त्यांची चाल मंदावली होती, चालताना हात हलत नव्हते, फक्त हातांना कंप नसल्यामुळं कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. उरलासुरला डोपामिन गोळीनं अडवला आणि शरीर आखडलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या इयान मॅकीथ आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हा धोका स्पष्ट मांडला. अशी औषधं मिळालेल्या लेवी रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना तीव्र प्रतिक्रिया येते: ताठरपणा, गुंगी, गिळता न येणं, कधी ताप आणि मृत्यू. निम्मे कोणते, हे आधी कळत नाही. म्हणून भास दिसतात एवढ्यावर ही औषधं देणं मला जुगारासारखं वाटतं, आणि पणाला लागलेलं असतं दुसऱ्याचं आयुष्य.

गोळी बंद केली. ताप, सोडियम, स्नायूंच्या झिजेची रक्ततपासणी, लघवीतला जंतुसंसर्ग हे सगळं पाहिलं. एकाएकी वाढलेल्या गोंधळामागं कित्येकदा नुसता मूत्रसंसर्ग किंवा चार दिवस न झालेला शौच असतो. मोतीबिंदूही पाहिला, कारण नजर अधू असली तरी मेंदू रिकाम्या जागा भरतो. गिळता येईपर्यंत पाणी-अन्न नळीनं. अण्णांना उठून उभं राहायला दोन आठवडे लागले. उभं राहिल्यावर लगेच रक्तदाब घेतला, तर झोपलेला दीडशे आणि उभा एकशेबारा. अंगाची स्वयंचलित यंत्रणाही या रोगात कोलमडते. त्यांचं घरात दोनदा पडणं या घसरणीतून होतं. मेंदूच्या एमआरआयमध्ये स्मृतीचा भाग बराच भरलेला होता, तोच भाग अक्कांच्या चित्रात आक्रसलेला. मोठ्या शहरांत डोपामिनच्या पेशी दाखवणारं ट्रोडॅट स्कॅनही होतं. अल्झायमरमध्ये ते साधारण नॉर्मल येतं, लेवीत फिकं. अण्णांना त्याची गरज पडली नाही.

मग दिलं रिव्हास्टिग्मिन. हे अल्झायमरचंही औषध आहे आणि अक्कांना त्याच गटातलं डोनेपेझिल चालू होतं, थोडा फायदा, फार नाही. इथं खरी गंमत आहे आणि ती मला अजून विलक्षण वाटते. दोन्ही रोगांत ॲसिटिलकोलिन हे रसायन कमी पडतं. ही औषधं ते मोडू देत नाहीत, म्हणजे पाटात आहे ते पाणी अडवून ठेवतात. लेवीत पाट अधिक कोरडा असतो, पण शेतातलं पीक बरंचसं उभं असतं, म्हणून पाणी मिळताच तरारतं. अल्झायमरमध्ये पीकच वाळत गेलेलं असतं. नजर, लक्ष आणि जाग टिकवण्यात या रसायनाचा मोठा वाटा असल्यामुळं लेवीत भासही याच औषधानं कमी होतात. म्हणजे अक्कांना ज्या गटाच्या औषधानं जेमतेम फरक पडला, तेच अण्णांच्या भासांवरचं पहिलं औषध ठरतं.

त्यांना अंगावर चिकटवायचा पॅच दिला, चोवीस तासांत 4.6 मिलिग्रॅम सोडणारा, कारण गोळीनं मळमळ जास्त होते. महिन्यानं 9.5 चा. सुरू करण्याआधी ईसीजी काढला, या औषधानं हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात. रोज नवा पॅच वेगळ्या जागी, आणि जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. हे मी दर वेळी सांगतो, कारण पाठीवर तीन पॅच घेऊन उलट्या करत आलेला रुग्ण मी पाहिला आहे. दोन महिन्यांनी मुली आठवड्यातून एखादवेळ यायला लागल्या. ताठरपणासाठी लेव्होडोपा अगदी अर्धी गोळी दिली. ती वाढवली तर हालचाल सुधारते, पण मुली परततात. या दोघांमधली वाट अरुंद आहे आणि ती प्रत्येकाची वेगळी.

जे टाळायला लावलं त्याची यादी कमी महत्त्वाची नाही. सर्दीची जुनी झोप आणणारी गोळी, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन, कंपावर सर्रास दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल ही सगळी ॲसिटिलकोलिन अडवतात, पाट बुजवतात. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड तर डोपामिन अडवतं. भास खरोखर छळायला लागलेच, तर क्वेटायापिन साडेबारा मिलिग्रॅमसारख्या सूक्ष्म मात्रेत, दाखल करून, लक्ष ठेवून. निर्धोक तेही नाही. आणि भास त्रासदायक नसतील तर औषधच कशाला? अण्णांच्या खोलीतला फुलाफुलांचा पडदा काढला, रात्री एक दिवा चालू ठेवला, चष्म्याचा नंबर बदलला. काकू आता भांडत नाहीत. ‘मला दिसत नाहीत हो, पण तुम्हाला दिसतायत ना, बसू द्या,’ म्हणतात.

यातलं काहीही रोग थांबवत नाही. शिवाय कित्येक लेवी रुग्णांच्या मेंदूत अल्झायमरचे बदलही सापडतात, त्यामुळं सीमारेषा मी सांगितली तितकी स्वच्छ दर वेळी नसते.

गेल्या पावसाळ्यात मुलाचा फोन आला. रस्ता बंद, तालुक्याच्या औषध दुकानात पॅच संपलेला, मुली येत नव्हत्या म्हणून घरच्यांनी चार दिवस नाही लावला. पाचव्या दिवशी अण्णा पहाटे उठून परकर मापायची टेप शोधत होते. मोठा पॅच एकदम लावू नका, असं मी म्हणालो. तीन दिवसांहून जास्त खंड पडला की पुन्हा 4.6 पासून चढायचं असतं. मुलानं फोनवरच कागद घेऊन लिहून घेतलं. आता अण्णांच्या पाकिटात एक चिठ्ठी आहे, मराठीत आणि इंग्रजीत: लेवी बॉडी, हॅलोपेरिडॉल नको, रिस्पेरिडोन नको, ट्रायहेक्सिफेनिडिल नको. पॅचची तीन महिन्यांची पाकिटं काकूंनी पिठाच्या डब्यामागं ठेवली आहेत.