छातीतील हवा आणि छातीतील पाणी

‘छातीत पाणी झाले’ असे ऐकले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाण्याने भरलेले फुप्फुस येते. वस्तुस्थिती तशी नाही. हे पाणी फुप्फुसात नसते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधील अरुंद फटीत ते साठते. त्याच फटीत कधी पाण्याऐवजी हवा शिरते, आणि तिला वैद्यकात वातवक्ष म्हणतात. दोन्ही वेळा फुप्फुस मिटते, दोन्ही वेळा धाप लागते, आणि दोन्ही वेळा नळी लावून ऐकले तर त्या बाजूचा श्वास ऐकू येत नाही. मग एकापासून दुसरे ओळखावे कसे? डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. डहाणूच्या किनाऱ्याला रेल्वे आहे, तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. परंतु आतल्या डोंगराळ भागातील विखुरलेल्या पाड्यावरून क्ष-किरण यंत्रापर्यंत रोगी आणायचा तर वेळ लागतो. तोवरचा निवाडा बोटांनी आणि कानांनीच करावा लागतो.

आधी ती फट समजून घेऊ. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते व तेच वळून छातीच्या भिंतीला आतून अस्तरासारखे लागते. या दोन पदरांमध्ये निरोगी माणसात दोन-तीन चहाचे चमचे द्रव असतो, एवढेच. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर सहज सरकतात, पण उचलून वेगळ्या होत नाहीत. तसेच येथे घडते. फुप्फुस हे रबरासारखे सदा आत आक्रसू पाहते, तर फासळ्यांचा पिंजरा बाहेर फुलू पाहतो. या ओढाताणीमुळे फटीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित, म्हणजे शांतपणे श्वास सोडल्यावर सुमारे पाच सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका, कमी राहतो. फुप्फुस फुगलेले राहते ते या ओढीमुळे.

फुप्फुसाला किंवा छातीच्या भिंतीला भोक पडले, की हवा या फटीत धावते आणि ओढ संपते. मग फुप्फुस आपल्याच ताणाने आक्रसते आणि छातीच्या मध्याकडे, आपल्या देठाकडे, गोळा होते. येथे त्याला मुख्यतः कोणी दाबलेले नसते. त्याला ताणून धरणारा हात सुटलेला असतो. पाण्याची गोष्ट वेगळी. ते हळूहळू झिरपते, जड असल्याने बसलेल्या माणसात तळाशी साठते आणि फुप्फुसाचा खालचा भाग व्यापते. वरचा भाग फुगलेलाच असतो. म्हणून हवेची लक्षणे बसलेल्या रोग्यात छातीच्या वरच्या भागी अधिक, आणि पाण्याची पाठीच्या खालच्या भागी सापडतात.

आता श्वास ऐकू का येत नाही, ते पाहू. श्वासाचा आवाज मोठ्या श्वासनळ्यांत उत्पन्न होतो आणि फुप्फुसातून छातीच्या भिंतीपर्यंत पोचतो. एका पदार्थातून अगदी वेगळ्या पदार्थात जाताना आवाजाचा मोठा भाग उलट फिरतो. डहाणूच्या समुद्रात बुडी मारलेल्या माणसाला किनाऱ्यावरची हाक नीट ऐकू येत नाही, याचे कारण हेच. फुप्फुस आणि भिंत यांच्यामध्ये हवेचा किंवा पाण्याचा थर आला, की तेथे आवाज अडतो. शिवाय मिटलेल्या फुप्फुसात वारा फिरतच नाही. रोग्याला ‘एक, एक’ असे म्हणावयास लावून पाठीवर तळवा ठेवला, तर नेहमीची थरथरही दोन्ही विकारांत हाताला लागत नाही. सारांश, नळी आपल्याला एवढेच सांगते की येथे काहीतरी मध्ये आले आहे. काय आले आहे, ते ती सांगत नाही.

ते बोट सांगते. डाव्या हाताचे मधले बोट दोन फासळ्यांच्या मध्ये घट्ट टेकवून त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाने ठोका द्यावयाचा. छाती ठोकून तपासण्याची कल्पना ऑस्ट्रियातील आउएनब्रुगर या वैद्याने 1761 साली प्रसिद्ध केली; तो मात्र बोटांनी थेट छातीवर ठोके देई. त्याचे वडील खाणावळ चालवीत, आणि पिंप ठोकून आतल्या मद्याची पातळी ओळखताना त्याने लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. लेनेकची ऐकण्याची नळी त्यानंतर, 1816 साली, आली. हवेवर ठोका दिला तर छाती ढोलासारखी, नेहमीपेक्षा पोकळ वाजते. पाण्यावर ठोका दिला तर नाद उमटतच नाही. दगडावर टिचकी मारावी तसा बद्द आवाज येतो, आणि बोटालाही ते घट्टपण जाणवते.

दोन रोगी कल्पू या. पहिला ताडी काढणारा, ताडावरून पडलेला. फासळी मोडली आहे, श्वास घेताना कळ येते, आणि धाप घटकाभरात वाढली आहे. दुखऱ्या बाजूला श्वास नाही, पण ठोका पोकळ वाजतो: ही हवा. आता गळ्याच्या खाचेत बोट घालून श्वासनलिका मध्यावर आहे का, ते पाहावयाचे. ती निरोगी बाजूस सरकली असेल, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या असतील आणि नाडी बारीक व जलद लागत असेल, तर जखम झडपेसारखी झाली आहे. हवा आत येते, बाहेर जात नाही. हृदयाकडे येणारे रक्त त्या दाबाने अडते. अशा वेळी क्ष-किरण चित्राची वाट पाहणे म्हणजे रोगी गमावणे. शिकलेल्या हाताने छातीच्या बाजूला, पाचव्या फासळीखाली, जाड सुई घालून हवा सोडावी लागते. मग पाण्याखाली टोक बुडविलेली नळी बसवितात.

दुसरा रोगी तीन आठवडे संध्याकाळच्या तापाने, कोरड्या खोकल्याने आणि बरगडीतील दुखण्याने बेजार आहे. त्याचे दुखणे आता कमी झाले, पण धाप वाढली. कारण घासणारे दोन पदर पाण्याने अलग केले. पाठीच्या खालच्या भागी ठोका बद्द आहे आणि श्वास नाही. पाण्याच्या वरच्या काठाशी मात्र निराळाच प्रकार: तेथील दाबलेले, वायुहीन फुप्फुस आवाज उत्तम वाहून नेते, म्हणून श्वास कर्कश, नळीतून फुंकल्यासारखा येतो आणि रोग्याचा शब्द शेळीच्या आवाजासारखा अनुनासिक ऐकू येतो. आपल्याकडे तरुण माणसात अशा पाण्याचे नेहमीचे कारण क्षय. पाणी काढून तपासतात. सुई फासळीच्या वरच्या काठावरून घालतात, कारण खालच्या काठाशी रक्तवाहिनी असते. एका वेळी साधारणतः दीड लिटरहून अधिक काढीत नाहीत. फुप्फुस एकदम फुलले तर त्यातच सूज येऊन धाप वाढते. पाणी काढले म्हणजे रोग गेला नव्हे. क्षय ठरल्यास सहा महिन्यांची औषधे पुरी घ्यावी लागतात.

बोटही चुकते. पाणी सुमारे 300 मिलिलिटरहून कमी असेल तर ठोक्याला ते सहसा लागत नाही. उजवीकडे खाली यकृतामुळे ठोका मुळातच बद्द असतो. डावीकडे जठरातील वायू पोकळ वाजतो. म्हणून दोन्ही बाजू एकाच पातळीवर ताडून पाहाव्या लागतात. श्वासनळी बुजून फुप्फुस मिटले तरीही ठोका बद्द आणि श्वास नाहीसा होतो, पण त्यात गळ्यातील श्वासनलिका रोगट बाजूकडे ओढली जाते. पुष्कळ पाणी असले तर ती दूर ढकलली जाते. आणि कधी क्षयाने फुप्फुसाला भोक पडून हवा व पाणी दोन्ही साठतात. तेव्हा वर ढोल, खाली दगड, मध्ये आडवी रेघ. आणि रोग्याला हलकेच हलविले तर अर्धवट भरलेल्या घड्यातील पाण्यासारखी खळखळ ऐकू येते.