मेल सगळ्यांना गेला, आता माफी कशी मागायची?

ठाण्यातली साठ फ्लॅटची एक सोसायटी डोळ्यांसमोर आणू. इमारतीला रंग द्यायचा आहे आणि त्यासाठी सिंकिंग फंडातून पैसे काढायचा विचार आहे, असा मेल खजिनदार सगळ्या सभासदांना पाठवतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका त्यावर सगळ्यांसमक्ष तीन प्रश्न विचारतात. फंडात आज शिल्लक किती? मागच्या पाच वर्षांत त्यातून काय काय काढलं? आणि दुरुस्ती निधी वेगळा असताना रंगासाठी सिंकिंग फंडाला हात का लावायचा? खजिनदार सगळ्यांनाच कळवतात, ‘सचिवांशी बोलून उत्तर देतो.’ सचिव ऑफिसातून निघताना फोनवर तो मेल उघडतात आणि खजिनदारांना म्हणून लिहितात : ‘काकांना निवृत्तीनंतर दुसरा उद्योग नाही. उत्तर देत बसू नका, सभेत विषय गुंडाळू.’ बोट मात्र ‘रिप्लाय’वर न पडता शेजारच्या ‘रिप्लाय ऑल’वर पडतं.

प्रसंग कल्पित आहे, पण अशा मेलांची जातकुळी ज्यांनी ऑफिसात किंवा कमिटीत काम केलंय त्यांना अनोळखी नाही. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये ही दोन्ही बटणं मेलच्या तळाशी शेजारी शेजारी असतात. कोणी सुटू नये म्हणून काही जण सेटिंगमध्येच ‘रिप्लाय ऑल’ हे नेहमीचं उत्तर करून ठेवतात, मग बोट चुकायचीही गरज उरत नाही.

पहिला विचार येतो तो मेल परत ओढून घेण्याचा. जीमेलमध्ये पाठवल्यावर स्क्रीनच्या खाली Undo दिसतं. मुळात ते मेल परत आणत नाही, तर निघण्याआधी थोडा वेळ थांबवून ठेवतं. हा वेळ सेटिंगमध्ये ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येतो. तो संपला की मेल गेला. आउटलुकमध्ये मेल मागे घेण्याची सोय आहे, पण ती एकाच संस्थेच्या मेलव्यवस्थेत चालते. आउटलुकवरून जीमेलच्या पत्त्यावर गेलेला मेल तिने परत येत नाही. उलट ‘अमुक यांना हा मेल मागे घ्यायचा आहे’ अशी सूचना समोरच्याला जाऊ शकते, आणि ज्याने तो मेल उघडलाही नसता तोसुद्धा मग मुद्दाम उघडून वाचतो. सोसायटीचे सभासद आपापल्या वेगवेगळ्या पत्त्यांवर मेल घेतात, त्यामुळे इथे हा मार्ग बंदच आहे असं धरून चालावं.

दुसरी घाई याहून महागात पडते. घाबरलेला माणूस त्याच मेलवर पुन्हा ‘रिप्लाय ऑल’ दाबून ‘सॉरी, चुकून गेलं’ असं लिहितो. मेलच्या उत्तराखाली मागचा मजकूर आपोआप जोडला जातो. जीमेल तो मजकूर तीन ठिपक्यांमागे दडवतं, म्हणून पाठवणाऱ्याला तो दिसत नाही. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामवर मेल वाचणाऱ्यांना मात्र माफीच्या ओळीखाली ते काकांविषयीचं वाक्य पुन्हा जसंच्या तसं दिसू शकतं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं त्यांच्यापुढेही ते अशा रीतीने येतं, आणि त्या साखळीवर पुढे कोणीही उत्तर दिलं की आणखी एकदा फिरतं. म्हणून माफीचा मेल कायम नवा, कोऱ्या पानावर लिहावा आणि त्याला विषयही नवा द्यावा.

लिहिण्याआधी ‘सेंट’मध्ये जाऊन आपला मेल शेवटपर्यंत उघडून बघावा. नेमकं काय गेलं आणि कोणाकोणाला गेलं, हे आठवणीवर सोडू नये. कधी बोचरं वाक्य आपल्या ताज्या उत्तरात नसतंच. आठवड्यापूर्वी दोघांनी आपापसात लिहिलेला मजकूर खाली चिकटलेला असतो आणि तोच पुढे गेलेला असतो. आणि मूळ मेल पुसू नये. तो साठ ठिकाणी आहेच. आपल्याकडून तो नाहीसा झाला तर झाकपाक केली, असा अर्थ निघतो.

आता माफी नेमकी कशाची मागायची? बहुतेक माफीपत्रं इथेच घसरतात. ‘तांत्रिक चुकीमुळे मेल सर्वांना गेला, त्याबद्दल दिलगीर आहे’ असं लिहिलं जातं. ही बटणाची माफी झाली. काकांना बटणाशी काही घेणंदेणं नाही. दहा-पंधरा वर्षं ज्याच्याशी जिन्यात बोलतो तो माणूस आपल्याविषयी असा विचार करतो, हे त्यांना सगळ्या इमारतीबरोबर कळलंय. बटणाची माफी वाचून त्यांना एवढंच समजतं की मेल नीट गेला असता तर या माणसाला काहीच वाटलं नसतं. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हेही तसंच. ज्याच्या भावना दुखावल्या तो कोण, हे साठही घरांना ठाऊक आहे.

‘माझा तसा उद्देश नव्हता’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. खाजगीत लिहिलेलं मनातलं असतं, असं प्रत्येक वाचणारा धरून चालतो, आणि बरोबरच धरतो. मग सचिवांनी खरेपणाने काय म्हणावं? त्यांना काकांविषयीचं स्वतःचं मत एका दुपारीत बदलता येणार नाही आणि तसं सोंगही आणू नये. पण एक गोष्ट ते पूर्ण खरेपणाने म्हणू शकतात : काकांचे प्रश्न रास्त होते. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी सभासदाकडून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दर वर्षी घेतली जाते आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के. दोन्ही निधी वेगळे ठेवायचे ते याचसाठी की रोजची डागडुजी आणि इमारतीचं मोठं काम यांचे पैसे एकमेकांत मिसळू नयेत. हिशेब बघण्याचा हक्कही सभासदाला सहकार कायद्याने दिलेला आहे. काका जे विचारत होते ते त्यांच्या हक्काचं होतं, आणि माफीला खरं वजन येतं ते हे मान्य करण्याने.

क्रम असा : आधी काका, मग बाकीचे. शक्य असेल तर जिना चढून जावं, निदान फोन करावा. त्यांनी दार उघडलं नाही किंवा फोन घेतला नाही तर मेल पाठवावा, पण तो त्यांना एकट्यालाच. सगळ्यांसाठीचा मेल त्यानंतर, त्याच दिवशी. रात्र मध्ये गेली की व्हॉट्सॲपवर चर्चा आपापल्या वाटेने निघून जाते.

काकांना जाणारा मेल असा असू शकेल :

‘काका, सादर नमस्कार. आज दुपारच्या मेलमध्ये मी तुमच्याविषयी जे लिहिलं ते अपमानकारक होतं, आणि ते सगळ्यांसमोर गेलं. मी तुमची मनापासून माफी मागतो. तुमचे तिन्ही प्रश्न योग्य होते आणि त्यांची उत्तरं देणं हे माझं काम होतं. सर्व सभासदांनाही मी तसं लिहून कळवतो आहे. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर सांगाल तेव्हा येतो.’

आणि सगळ्यांना जाणारा, ‘माझ्या आजच्या मेलबद्दल माफी’ या विषयाखाली :

‘सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. रंगकामाच्या विषयावरील आजच्या मेलमध्ये मी एका ज्येष्ठ सभासदांविषयी अनादराने लिहिलं. ते चुकीचं होतं. मी त्यांची माफी मागितली आहे, आणि आपल्या सर्वांचीही मागतो. त्यांनी विचारलेले प्रश्न रास्त आहेत. त्यांची लेखी उत्तरं शुक्रवारपर्यंत सर्वांना मिळतील.’

दोन्ही मेलांत ते वाक्य पुन्हा लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्यावं. ‘दुसरा उद्योग नाही असं मी म्हणालो’ अशी कबुली प्रामाणिक वाटते, पण ती काकांना तोच फटका दुसऱ्यांदा देते. सगळ्यांच्या मेलमध्ये काकांचं नावही नाही. दिवसभराचा ताण, घाईत बोट चुकणं, काकांनी गेल्या सभेत लावलेला वेळ, यातलं काहीच नाही. खजिनदारांचाही उल्लेख नाही, कारण मेल त्यांना लिहिलेला असला तरी शब्द सचिवांचे होते. मेल लहान राहतो तो या सगळ्याला जागा न दिल्यामुळे. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला विचारावं की हे काकांसाठी आहे की माझ्या बचावासाठी. बचावाचं वाक्य काढलं की बहुधा पाच-सहा ओळीच उरतात. ‘तो मेल कृपया पुसून टाका’ अशी विनंतीही मी करणार नाही. ती कोणी पाळत नाही आणि मेलकडे पुन्हा लक्ष मात्र वेधते.

सगळ्यांचा मेल पाठवताना पत्ते Bcc मध्ये टाकावेत. मग कोणी रागाने किंवा सहानुभूतीने ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी उत्तर एकट्या सचिवांकडे येतं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आतच अशी गंमत नसलेली साखळी घडली होती. हजारो कर्मचारी असलेल्या एका यादीवर मेल गेला, ‘मला यादीतून काढा’ अशी उत्तरं लोक सगळ्यांनाच पाठवत सुटले, त्यावर ‘सगळ्यांना उत्तरं पाठवू नका’ असं सांगणारेही सगळ्यांनाच सांगू लागले, आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. साठ घरांत यंत्रणा कोलमडणार नाही, पण काकांचा विषय आठवडाभर प्रत्येकाच्या फोनवर वाजत राहील.

हे सगळं चालतं ते शब्द लागट असतील तिथे. मजकुरात कोणाची जात, धर्म, शरीर किंवा आजार यांवर शेरा असेल, किंवा कोणाचा पगार आणि वैद्यकीय माहिती बाहेर गेली असेल, तर पाच ओळींच्या माफीने काम भागत नाही. ऑफिसात असं झालं तर वरिष्ठांना आणि मनुष्यबळ विभागाला स्वतःहून त्याच तासात कळवावं. त्यांना दुसरीकडून कळलं तर पुढे आपल्या माफीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

काका कदाचित सगळ्यांसमोरच उत्तर देतील, आणि ते कडक असेल. त्यावर सचिवांनी फक्त त्यांना एकट्याला एक ओळ लिहावी : ‘काका, तुमचा मेल वाचला. तुमचं म्हणणं बरोबर आहे.’ त्यापुढे काही लिहू नये. खरं उत्तर शुक्रवारच्या मेलमध्ये यायचं आहे. सिंकिंग फंडाची आजची शिल्लक आणि ती कोणत्या बँकेत किती मुदतीने ठेवली आहे, पाच वर्षांत काढलेली प्रत्येक रक्कम तारखेसह आणि सभेच्या ठरावासह, आणि रंगाचा खर्च दुरुस्ती निधीतून भागतो की नाही याचा आकडा. त्या मेलमध्ये माफीचा शब्दही नसावा. हिशेब असावा, आणि तो गुरुवारी रात्रीच तयार असेल तर शुक्रवारची वाट बघू नये.