फोनमध्ये राहून गेलेलं कलम ३०२

पोलीस भरतीच्या मुलांसाठी प्रश्नसंचांचं ॲप करायला घेतलं तेव्हा आमचं सगळं लक्ष नेटवर्ककडे होतं. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांतली मुलं तालुक्याला आली की संच उतरवून घेणार आणि घरी नेटशिवाय सोडवणार. हे काम त्या मानाने सोपं निघालं. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. प्रश्न, चार पर्याय आणि स्पष्टीकरण मिळून ५०० चिन्हं धरली, तर १०० प्रश्नांचा संच जेमतेम १५० केबीचा होतो. तो कमकुवत नेटवरही उतरतो.

कठीण आहे ते उतरलेला संच ताजा ठेवणं. १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. नव्या संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे. पाठ झालेला आकडा पर्यायांत दिसला की हात तिकडेच जातो आणि गुण जातो.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला कायमचा क्रमांक आणि आवृत्ती दिली:

```json
{"id":"LAW-0412","v":2,"ans":"103","change":"answer"}
```

फोन नेटवर आला की आपल्याकडची शेवटची आवृत्ती सर्व्हरला कळवतो आणि त्यानंतर बदललेले प्रश्नच मागून घेतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला झाला, हा प्रश्न पुन्हा उतरवायचं कारण नाही.

नेट मध्येच तुटलं तर घोटाळा होतो. प्रश्नात न्याय संहिता आणि खालच्या स्पष्टीकरणात दंड संहिता दिसली, की अर्धेच बदल लागले आहेत हे ओळखावं. हे टाळण्यासाठी नवी फाइल आधी बाजूला उतरते, तिची SHA-256 खूण जुळते का ते पाहिलं जातं आणि मगच सगळे बदल एकदम लागतात. खूण जुळली नाही तर जुना संच जसाच्या तसा राहतो.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. माझ्या मते काम तिथे अर्धंच होतं. ज्या मुलीने ३०२ लिहून 'पक्का' अशी खूण मिळवली, तिला तो प्रश्न पुन्हा दिसणारच नाही. म्हणून `change` या जागी `answer` असेल तर ती खूण काढून टाकायची आणि प्रश्न 'उत्तर बदललं' या शेऱ्यासह उजळणीत सर्वांत वर आणायचा. नुसतं शुद्धलेखन सुधारलं असेल तर `text` लिहायचं आणि खूण राहू द्यायची. हा फरक संगणकाला कळत नाही, प्रश्न तपासणाऱ्या शिक्षकालाच तो नोंदवावा लागतो.

महिनोन्महिने नेटवर न येणारे फोनही असतात. त्यांच्यासाठी संचाच्या पहिल्याच पडद्यावर तो शेवटचा कधी तपासला, ती तारीख ठळक ठेवली आहे. अभ्यासिकेत मुलं एकमेकांच्या फोनवरून संच घेतात, तेव्हा ॲप प्रत्येक प्रश्नाची आवृत्ती ताडून पाहतं आणि जुन्या प्रश्नाला नवा पुसू देत नाही.