ओव्हरफ्लोची नळी दोषी नाही

पावसाळ्यात दोन महिने गोठ्यात उभी राहिलेली शंभर सीसीची जुनी गाडी बाहेर काढली, कॉक चालू केला आणि इंजिनखालून पेट्रोल ठिबकायला लागलं, की बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एकच वाक्य ऐकू येतं: ‘गाडी ओव्हर होतेय.’ निदान बरोबर असतं, पण त्यानंतर सुचवले जाणारे उपाय बहुतेक वेळा चुकीचे असतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवर कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं. तरी घाटावर काय आणि घाटाखाली काय, शेतात जाणाऱ्या आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाड्यांत कार्बोरेटरच्या गाड्या अजून भरपूर आहेत.

पहिला गैरसमज ओव्हरफ्लोच्या नळीबद्दलच आहे. ती गळते म्हणून तिला स्क्रू ठोकून किंवा गाठ मारून बंद करणारे लोक आहेत. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखण्याचं काम फ्लोट करतो, अगदी गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि त्याची छोटी पट्टी निडलला तिच्या सीटमध्ये दाबून टाकीकडून येणारा मार्ग बंद करते. हा मार्ग नीट बंद झाला नाही तर पातळी चढत जाते, वाटीतल्या उभ्या नळीचं तोंड ओलांडते आणि पेट्रोल बाहेर पडतं. जादा पेट्रोल इंजिनात न जाता जमिनीवर पडावं यासाठीच ही वाट ठेवलेली आहे. ती बंद केली की पेट्रोल इंजिनात उतरू लागतं आणि पिस्टनच्या रिंगांजवळून झिरपत ऑइलमध्ये मिसळतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर नुकसान काही रुपयांच्या निडलपुरतं राहत नाही.

दुसरा समज असा की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन टिचक्या मारल्या आणि गळती थांबली म्हणजे दुरुस्ती झाली. टिचकीने अडकलेली निडल सुटते, क्वचित सीटवरचा कण सरकतो, आणि वाटेत अडकलेल्या माणसाला घरापर्यंत पोचायला तेवढं पुरतं. पण कण वाटीत किंवा टाकीत शिल्लकच असतो. पुढच्या खड्ड्यात तोच पुन्हा सीटवर येऊन बसू शकतो.

हा कण येतो कुठून, ते पाहण्यासारखं आहे. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली, की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर पाणी होऊन बसतो आणि गंज धरतो. किराणा दुकानातून बाटलीने घेतलेलं पेट्रोल, धुळकट नरसाळं, टाकीच्या झाकणाचं कडक झालेलं रबर, यांतून माती आत जाते. कॉकच्या जाळीतून निसटणारा बारीक कणही निडल आणि सीट यांच्यामध्ये फट ठेवायला पुरेसा असतो.

आता दोष इथेनॉलला देण्याची रीत पडली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाडीतलं काही रबर फुगवू किंवा कडक करू शकतं, हे खरं आहे. पण सीटवर गंजाचा कण बसला असेल तर कोणतंही पेट्रोल गळेल. वाटी उघडून पाहण्याआधी पंपाला शिव्या देऊ नयेत.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र तिसऱ्या समजामुळे होतं: गाडी ओव्हर होते म्हणजे फ्लोटची पट्टी वाकवायची. गोठ्यातल्या त्याच गाडीचं उदाहरण घेऊ. समजा मेकॅनिकने सीट न तपासता पट्टी वाकवली, म्हणजे निडल आधीपेक्षा खालच्या पातळीलाच बंद होऊ लागेल. कणामुळे ती पूर्ण बंद होणार नाही, पण पेट्रोल ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढेस्तोवर फ्लोट तिला जास्त जोराने दाबेल आणि गळती काही दिवस थांबेल. मालक खूश होईल. पुढे कण निघून गेला, की वाटीतली पातळी गरजेपेक्षा कमी राहील. राजूर घाट चढताना गाडी अडखळेल, चोक ओढला की बरी चालेल, आणि मग जेट बदलण्याचा खर्च सुरू होईल. फ्लोटची उंची आपोआप सहसा बदलत नाही. कोणी हात लावला नसेल तर आधी संशय घाण आणि निडल यांच्यावर घ्यावा.

तपासणीचा क्रम सोपा आहे. गाडी उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि चूल-विडीपासून दूर उभी करा. कॉक बंद करून वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. तळाशी तांबूस कण किंवा पाण्याचे थेंब दिसले तर उत्तर अर्धं मिळालं. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ड्रेन आणि ओव्हरफ्लो एकाच नळीतून बाहेर येतात, त्यामुळे ड्रेन स्क्रू सैल असला तरी गळती हुबेहूब ओव्हरफ्लोसारखीच दिसते. वाटी काढल्यावर स्क्रू घट्ट करून तिच्यात उभ्या नळीच्या तोंडाखालपर्यंत पेट्रोल भरून ठेवा. तेवढ्यानेही नळीतून ठिबकलं तर स्क्रू किंवा ती पितळी नळीच गळते आहे, निडल निर्दोष आहे.

तिथे दोष नसेल तर फ्लोटची आडवी पिन सरकवून फ्लोट आणि निडल काढा. निडलच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदलायचीच. घासून दुरुस्त होत नाही. तिच्या मागची बारीक स्प्रिंगची पिन दाबल्यावर सहज परत यायला हवी. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड होऊन पुरेसा तरंगत नाही. सीट कापसाच्या काडीने आणि कार्बोरेटर क्लीनरने पुसा. तिथे तार किंवा पॉलिश पेपर घालू नका, कारण अनेक मॉडेलांत सीट वेगळी मिळत नाही आणि एक ओरखडा पडला की पूर्ण कार्बोरेटर बदलावा लागतो. जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंका. फ्लोटच्या वजनाने हवा अडली पाहिजे आणि फ्लोट उचलला की सुटली पाहिजे.

उंची मोजायची ती यानंतर. कार्बोरेटर असा तिरका धरा की पट्टी निडलच्या स्प्रिंगला फक्त टेकेल, दाबणार नाही. मग वाटीच्या सांध्यापासून फ्लोटच्या दूरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. दुसऱ्या गाडीचा आकडा इथे चालत नाही. अनेकांचा घोटाळा इथे होतो: हे अंतर जितकं जास्त, तितकी वाटीतली पेट्रोलची पातळी कमी. पट्टी प्लॅस्टिकची असेल तर ती वाकवायची नसते, फ्लोटच बदलायचा असतो.

शेवटी टाकी आणि कॉकची जाळी धुवा, नाहीतर नवी निडलही लवकरच अडकेल. वेगळा फिल्टर लावायचा तर नुसत्या उतारावर पेट्रोल वाहणाऱ्या गाड्यांसाठीचा घ्या, कारण पंपावर चालणाऱ्या गाडीचा दाट फिल्टर पेट्रोल अडवतो. नळी कोणी बंद करून ठेवली असेल तर किक मारण्याआधी ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल तर ते ऑइल टाकून नवं भरा, आणि मगच गाडी सुरू करा.