पिकाची जागा आणि ॲपचा आकडा

अंबड-घनसावंगीकडची मोसंबी असो की जालना-भोकरदनची कपाशी, सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू शकतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी दोन गोष्टींवर उभी आहे: पिकाचा फोटो आणि तो जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांश. अशा ॲपला आपली जागाच नीट कळेनाशी झाली, तर बाकी सगळे शाबूत असूनही ते निकामी ठरते. अँड्रॉइडची आवृत्ती बदलल्यावर चालते ॲप लंगडे का पडते, हे या नमुन्यावरून चांगले कळते.

प्रत्येक अँड्रॉइड ॲपमध्ये `targetSdk` नावाचा एक आकडा असतो. या आवृत्तीपर्यंतचे नियम पाहून मी ॲप तपासले आहे, अशी ती विकसकाची ग्वाही असते. आकडा जुना असेल तर नवा फोनही त्या ॲपला पुष्कळ बाबतींत जुनेच नियम लावतो. म्हणजे फोन तोच, कोड तोच, पण आकडा वाढवताच वागणूक बदलते. पीक नोंदवणाऱ्या एखाद्या ॲपने फक्त ही परवानगी मागितली आहे असे धरू:

```
ACCESS_FINE_LOCATION
```

आकडा ३० असताना हे चालले. तो ३१, म्हणजे अँड्रॉइड १२ केला की नियम असा, की अचूक ठिकाणासोबत `ACCESS_COARSE_LOCATION` ही ढोबळ ठिकाणाची परवानगीही एकाच वेळी मागायला हवी. तसे केले नाही, तर अँड्रॉइड १२च्या काही आवृत्त्या ती मागणीच सोडून देतात. ॲप बंद पडत नाही. परवानगीची चौकट उघडतच नाही, एवढेच. शेतकऱ्याला वाटते, रेंज नाही. विकसकाला मात्र लॉगमध्ये या चुकीची ओळ स्पष्ट दिसते. दोन्ही परवानग्या मागितल्या तरी काम संपत नाही, कारण आता माणूस ‘ढोबळ’ हा पर्यायही निवडू शकतो. मग मिळणारी जागा सुमारे तीन चौरस किलोमीटरांच्या टापूत कुठेतरी असते, म्हणजे सातशेहून अधिक एकरांत. दोन एकरांच्या बागेचा गट त्यातून कसा ठरणार? तेव्हा कोणती परवानगी मिळाली ते तपासणे, ढोबळ असेल तर अचूक का हवी ते साध्या मराठीत सांगणे आणि पुन्हा विचारणे, एवढे काम नव्याने लिहावे लागते.

मग आकडा वाढवायचाच कशाला, असा आक्षेप येतो. तो निराधार नाही. चालत्या ॲपला हात लावणे जोखमीचेच. पण जुना आकडा ही पळवाटही असते. अँड्रॉइड ६च्या आधीचा आकडा लावून, वापरताना परवानगी विचारण्याचा नियम चुकवणारी घातक ॲप्स होती. म्हणून अँड्रॉइड १४ने २३पेक्षा कमी आकड्याची ॲप्स बसवणेच नाकारले. शिवाय गूगल प्ले दरवर्षी ही मर्यादा वर सरकवते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपला आणि सुधारणांना ३५ हा आकडा लागतो. जी जुनी ॲप्स ३४च्याही खाली आहेत, ती त्यांच्या आकड्यापेक्षा नवी अँड्रॉइड असलेल्या फोनवरच्या नव्या ग्राहकांना दुकानात दिसत नाहीत. न वाढवणारा असा हळूहळू बाहेर पडतो. नुसता आकडा वाढवून कोड तसाच ठेवणारा ॲपमधली सोय गमावतो. माझ्या मते दुसरा अधिक दोषी, कारण त्याने न तपासताच ग्वाही दिलेली असते.

यात वेळापत्रकाचीही एक अडचण आहे. ही ऑगस्टअखेरची मुदत आपल्याकडे खरिपाच्या नोंदणीच्या ऐन धामधुमीत येते. म्हणून शेतीची ॲप्स बनवून घेणाऱ्यांनी एकदाच बांधणीचे पैसे देऊन मोकळे होऊ नये. दरवर्षीची ही तपासणी करारातच लिहून घ्यावी आणि ती मृगाच्या आधी, स्वस्त फोन हातात घेऊन, खऱ्या शेतात उभे राहून करवून घ्यावी.